चुकीच्या खात्यात एनईएफटी गेली, बँक पैसे परत मागवून देते का?

गोदाकाठ (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. डोकं जागेवर नाहीये, म्हणून काही सुटलं असेल तर विचारा.

आमच्या नाशिकच्या जुन्या घरात फरशी बदलायचं काम चालू आहे. मिस्त्रींनी एस्टिमेटच्या मागच्या बाजूला पेनने खाते क्रमांक लिहून दिला होता. काल, म्हणजे शनिवारी ३ तारखेला, संध्याकाळी पावणेसातला मी ॲपवरून त्यांना ६८,००० रुपये एनईएफटी केले. पैसे गेल्याचा मेसेजही आला. आज सकाळी मिस्त्री म्हणाले, काहीच आलं नाही. मग पासबुक घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. त्यांनी सगळे आकडे इंग्रजीत लिहिलेत, पण चार मात्र मराठी '४'! वरून थोडा मिटलेला, त्यामुळे मी तो इंग्रजी आठ वाचला. ॲपने क्रमांक दोनदा टाकायला लावला होता, मी दोन्ही वेळा त्याच कागदावरून टाकला आणि दोन्ही वेळा तोच चुकला.

माझा मुख्य प्रश्न: नावाच्या रकान्यात मी मिस्त्रींचंच नाव टाकलं होतं. नाव आणि खातं जुळत नसताना समोरच्या बँकेने पैसे जमा करून घेतलेच कसे? आणि आता परत कसे मिळवू?

भटका_भोपळा (रविवार, रात्री १०:०५)

टेन्शन घेऊ नका. असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईसुद्धा मिळते. माझे एकदा किराणा दुकानात अडकले होते, चौथ्या दिवशी आले.

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:०८)

खरंच? मग सोमवारी बँकेत जायची गरज नाही?

जुना_टेलर (रविवार, रात्री १०:३१)

थांबा ताई, नक्की जायचं आहे. भोपळे म्हणतात तो २०१९ चा नियम अडकलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे तुमच्या खात्यातून गेले पण समोर पोचलेच नाहीत अशांसाठी. तुमचे पोचलेत, फक्त भलत्याच्या घरी. बँकेच्या लेखी हा व्यवहार यशस्वी आहे. तो आपोआप उलटत नाही, पाच दिवसांत नाही आणि पाच वर्षांतही नाही.

पोचलेत हे मी इथे बसून कशावरून म्हणतो? एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते, रात्री आणि रविवारीसुद्धा. तुम्ही टाकलेला क्रमांक अस्तित्वातच नसता किंवा खातं बंद असतं, तर समोरच्या बँकेला बॅच झाल्यापासून दोन तासांत रक्कम परत पाठवावी लागली असती. आता सत्तावीस तास होऊन गेले. एकदा स्टेटमेंट बघून घ्या, परतीची नोंद नसेल तर त्या क्रमांकाचा कुणीतरी मालक आहे आणि त्याच्या खात्यात ६८,००० पडलेत.

नावाचं म्हणाल तर तुम्ही टाकलेलं नाव मशीन बघतच नाही. जमा करायचं ते फक्त खाते क्रमांकावरून. २०१० पासून रिझर्व्ह बँकेचं तसं परिपत्रकच आहे, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकलेली आहे. लाभार्थी जोडताना टाकलेलं नाव म्हणजे आपण डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. आत डाळ आहे की साखर, हे चिठ्ठीवरून ठरत नाही.

१ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएसलाही नाव तपासायची सोय द्यायची होती, त्याआधी ती यूपीआय आणि आयएमपीएसला होती. खाते क्रमांक टाकल्यावर 'नाव तपासा' असं काही दिसलं होतं का?

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:४०)

दिसलं होतं काका. घाईत 'पुढे' दाबलं. कागद समोर होता, मिस्त्री ओळखीचे, कशाला तपासायचं असं वाटलं. आता स्वतःचाच राग येतोय.

सह्याद्रीचा_वारा (रविवार, रात्री १०:४४)

सरळ १९३० ला फोन करा! सायबर पोलीस पाच मिनिटांत समोरचं खातं गोठवतात. बँकेत अर्ज करत बसलात तर तोवर तो पैसे काढून मोकळा होईल.

जुना_टेलर (रविवार, रात्री १०:५८)

१९३० फसवणुकीसाठी आहे आणि तिथे खातं चटकन गोठतं, हे अगदी बरोबर. पण इथे फसवणूक कुणी केली? तुम्ही स्वतः पाठवलेत. तिथे 'माझी फसवणूक झाली' असं लिहून द्यावं लागेल आणि ते खोटं ठरेल. वर एका निरपराध माणसाचं खातं गोठेल. त्याच्या संमतीवरच तुमचे पैसे परत येणार आहेत. त्यालाच आधी चोर ठरवलं, तर तो सही करायला येईल का?

आज रात्रीच करायचं ते एवढंच. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावा, 'चुकीच्या लाभार्थीला रक्कम गेली, रिकॉल पाठवा' असं स्पष्ट सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. फोनवरचा माणूस रविवारी फार काही करणार नाही, पण तारीख आणि वेळ नोंदली जाते. मग यूटीआर शोधा. मेसेजमध्ये बहुतेक वेळा बँकेचा अंतर्गत क्रमांक असतो, तो नाही चालत. ॲपमध्ये व्यवहार उघडलात की तपशिलात सोळा अक्षरी यूटीआर दिसेल. समोरची बँक शोधणार ती त्यावरून.

गोदाकाठ (सोमवार, दुपारी १:२०)

रात्री तक्रार क्रमांक घेतला. सकाळी दहाला शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'चूक तुमची आहे मॅडम, व्यवहार सक्सेसफुल आहे, आम्ही काही करू शकत नाही.' दोनदा सांगितलं, तेच उत्तर. रडू यायचं बाकी होतं. आता गाडीत बसून हे लिहितेय.

जुना_टेलर (सोमवार, दुपारी १:३४)

परत आत जा. काउंटरवर नको, ऑपरेशन्स बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅनेजरकडे. 'पैसे परत द्या' म्हणू नका, कारण तुमची बँक ते देऊ शकत नाही आणि मग तेच उत्तर मिळतं. म्हणायचं एवढंच, की लाभार्थी बँकेला रिकॉलची विनंती पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा मला द्या. हे ते करू शकतात, रोज करतात.

अर्ज लेखी द्या, दोन प्रती. मजकूर साधारण असा ठेवा:

'दि. ३ रोजी सायं. ६:४५ वाजता माझ्या बचत खात्यातून रु. ६८,००० एनईएफटीने पाठवताना खाते क्रमांकातील एक अंक चुकला. यूटीआर अमुक. रक्कम ज्या खात्यात गेली तो क्रमांक अमुक, जिथे जायला हवी होती तो अमुक. एस्टिमेटची प्रत व योग्य लाभार्थीच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडली आहे. लाभार्थी बँकेस रिकॉलची विनंती पाठवावी, खातेदाराची संमती घेऊन रक्कम माझ्या मूळ खात्यात परत करण्यास सांगावे व तोपर्यंत शक्य असल्यास सदर रकमेवर होल्ड ठेवण्याची विनंती करावी.'

दोन्ही क्रमांक एकाखाली एक लिहा. एकच अंक वेगळा आहे हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं, शंका घ्यायला जागा उरत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

कृष्णाकाठचा_गूळ (सोमवार, दुपारी २:१०)

होल्डबद्दल: माझ्या मेहुण्याच्या वेळी समोरच्या बँकेने त्याच दिवशी लीन मारलं होतं. म्हणजे ते करावंच लागतं ना त्यांना?

जुना_टेलर (सोमवार, दुपारी २:२६)

मारलं असेल, बऱ्याच बँका पाठवणाऱ्या बँकेचा मेल आला की मारतातही. पण तो तुमचा हक्क म्हणून मागता येत नाही. उद्या कुणीही उठून 'माझे पैसे चुकून गेले' म्हणेल आणि तुमचं खातं अडेल, हेही बरं नव्हे. म्हणून 'शक्य असल्यास' लिहिलंय. खातेदाराच्या सहीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय बँक त्याच्या खात्यातून रुपया काढत नाही, हे मात्र सगळीकडे सारखं.

गोदाकाठ (सोमवार, संध्या. ५:१५)

काका, मॅनेजरसाहेबांनी अर्ज घेतला, शिक्का दिला. माझ्यासमोरच समोरच्या बँकेच्या एनईएफटी कक्षाला मेल गेला, त्याची प्रत मला फॉरवर्ड केली. सकाळचं आणि दुपारचं ऑफिस वेगळंच वाटलं. वाक्य बदललं तर एवढा फरक पडतो.

आता त्या बँकेत मी स्वतः जाऊ का? मिस्त्रींच्या कागदावरचा आयएफएससी नाशिकरोडच्या शाखेचा आहे.

जुना_टेलर (सोमवार, संध्या. ५:४०)

जरूर जा. फक्त ते खातं नाशिकरोडचंच असेल असं धरून चालू नका. कोअर बँकिंगमध्ये बँक तीच असली आणि क्रमांक सापडला, की शाखा कोणतीही असो, रक्कम बहुधा जमा होते. जाताना शिक्का मारलेली प्रत न्या. नाव, पत्ता, फोन मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नये. 'तुम्हीच त्यांना फोन करा' एवढंच म्हणा.

पाटावरवंटा (सोमवार, रात्री ९:०२)

मी या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला होतो, म्हणून लिहितो. कोल्हापुरात असताना एकदा माझ्या खात्यात २५,००० येऊन पडले. कुणाचे, काय, पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन, 'दादा चुकून आले, या नंबरवर यूपीआय करा.' आवाज खरा वाटत होता. पण नेमकं अशाच पद्धतीने लुबाडतात हे वाचलेलं होतं. एकाच्या खात्यातून चोरलेले पैसे तुमच्याकडे पाठवायचे आणि तुमच्याकडून तिसऱ्याच नंबरवर घ्यायचे. मागून पोलीस येतात ते तुमच्या दारात. मी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. चार दिवसांनी माझ्याच शाखेतून फोन आला, मी गेलो, फॉर्मवर सही केली, पैसे आले त्याच खात्यात परत गेले.

ती बाई खरी होती! आजही वाईट वाटतं, पण परत तसंच झालं तर मी तसाच वागेन. ताई, त्या माणसाचा नंबर कुठून मिळाला तरी थेट फोन करू नका.

सह्याद्रीचा_वारा (सोमवार, रात्री ९:२०)

हे पटलं. १९३० चं मागे घेतो.

गोदाकाठ (शुक्रवार, रात्री ८:४५)

अपडेट. नाशिकरोडच्या शाखेत बुधवारी गेले. तिथल्या मुलाने क्रमांक टाकून बघितला आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली, मी बघू नये म्हणून. म्हणाला, खातं आमच्याच बँकेचं आहे पण आमच्या शाखेचं नाही, मराठवाड्यातल्या एका शाखेचं आहे. त्याने तिकडे फोन लावून दिला, मेल पुढे पाठवला. तिकडच्या साहेबांनी खातेदाराला तीनदा फोन केला. पहिल्या दोनदा त्यांनी 'बँकेतून बोलतोय' ऐकल्याबरोबर कट केला. (आपणच लोकांना तसं शिकवलंय, कुणाला बोलणार!) तिसऱ्यांदा गावातल्या बँक मित्राकरवी निरोप गेला तेव्हा विश्वास बसला. बाजाराच्या दिवशी येतो म्हणालेत.

पण एक गोम आहे. खात्यात आता ६८,००० पूर्ण नाहीत. ५ तारखेला सकाळी त्यांचा मोटारसायकलचा हप्ता कापला गेला, ४,१२० रुपये. खातं जवळपास रिकामं होतं, म्हणजे तो माझ्याच पैशातून गेला. मी तेव्हा शाखेत 'सक्सेसफुल आहे मॅडम' ऐकत होते.

जुना_टेलर (शुक्रवार, रात्री ९:१०)

याचीच धास्ती होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हप्त्यांची मॅंडेट्स लागतात, कुणी काही न करता खातं आपोआप खाली होतं. त्या माणसाने पैसे काढले असं यात म्हणता येणार नाही.

उरलेल्या रकमेची संमती आधी घ्या. पूर्ण रकमेसाठी अडून बसू नका.

काळा_कोट (शुक्रवार, रात्री १०:३०)

उशिरा आलो. कायद्याच्या बाजूने थोडं.

करार कायदा १८७२, कलम ७२: चुकून दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. त्याची काही चूक असावी लागत नाही. हप्ता कापला गेला तरी फायदा त्यालाच झाला, त्याचं तेवढं कर्ज फिटलं. म्हणून माझ्या मते ४,१२० सुद्धा तो देणं लागतो. त्याने नकार दिला असता तर आधी नोटीस आणि मग दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं. नाव माहीत नसलं तरी अडत नाही, बँकेला पक्षकार करून कोर्टामार्फत तपशील मागवता येतो.

फौजदारी बाजूने, पैसे आपले नाहीत हे कळल्यावरही मुद्दाम दाबून ठेवले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, पूर्वीचं ४०३. पण तो अदखलपात्र गुन्हा, पोलीस लगेच उठून जाणार नाहीत. आणि इथे तर माणूस सही करायला येतोय.

भटका_भोपळा (शुक्रवार, रात्री १०:४१)

आणि लोकपाल? बँकिंग लोकपालाकडे गेलं तर?

काळा_कोट (शुक्रवार, रात्री १०:५५)

लोकपाल बँकेच्या कसुरीसाठी. बँकेने रिकॉल पाठवलाच नाही, अर्ज घेतला नाही, तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर जा. पण दोन्ही बँकांनी आपलं काम केलं आणि खातेदार नाही म्हणाला, तर लोकपाल त्याच्या खिशातून पैसे काढून देत नाही.

कृष्णाकाठचा_गूळ (शनिवार, सकाळी ७:५०)

वकीलसाहेब, जरा वेगळं विचारतो. बचत खात्याऐवजी कुणाच्या उणे असलेल्या कॅश क्रेडिट खात्यात पडले असते तर? बँकेने स्वतःच कर्जात वळते केले असते ना?

काळा_कोट (शनिवार, सकाळी ९:१५)

झाले असते, किंबहुना पडताक्षणी झाले असते. बँक म्हणणार, ग्राहकाच्या खात्यातल्या रकमेवर आमचा हक्क. पाठवणारा म्हणणार, ती रक्कम ग्राहकाची नव्हतीच. मला दुसरी बाजू भक्कम वाटते.

जुना_टेलर (शनिवार, सकाळी १०:०२)

मला नाही तितकीशी वाटत. मी खुर्चीवर असताना असं एक प्रकरण आलं होतं. बँकेने परत दिले, पण खातेदाराने लिहून दिल्यावरच. कोर्टात टिकलं असतं की नाही कुणास ठाऊक.

गोदाकाठ (तीन आठवड्यांनंतर, रविवार)

धागा वर काढतेय. काल ६३,८८० रुपये माझ्या खात्यात जमा झाले! त्या गृहस्थांनी बाजाराच्या दिवशी येऊन संमतीपत्रावर सही केली होती. त्यानंतरही नऊ दिवस लागले, कारण माझ्याकडून त्यांना हमीपत्र हवं होतं. उद्या दुसरं कुणी या रकमेवर हक्क सांगितला तर जबाबदारी माझी, अशा अर्थाचं, स्टॅम्प पेपरवर. हे आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी देऊन टाकलं असतं.

४,१२० चं अजून लटकलंय. त्यांचा निरोप आला की 'हप्ता बँकेने कापला, मी घेतला नाही, जमेल तसे देईन.' आमचे हे म्हणतात सोडून दे. मला अजून ठरवता येत नाहीये.

काळा_कोट

तीन वर्षं आहेत. घाई नाही.

पाटावरवंटा

मी असतो तर सोडले असते. तीन फोन आणि एक हेलपाटा त्यांनीही केला.

जुना_टेलर

मिस्त्रींचे पैसे दिले का?

गोदाकाठ

दिले काका. या वेळी पासबुकावरून क्रमांक टाकला आणि 'नाव तपासा' दाबलं. नाव आलं भलत्याच बाईचं! हात थरथरायला लागले. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, 'ताई, खातं मंडळींच्या नावावर आहे, सांगायचं राहिलं.' तरी आधी एक रुपया पाठवला. त्यांच्या बायकोने मेसेज वाचून दाखवल्यावर मग बाकीचे.